इन्चार्ज सिस्टरांचा निरोप समारंभ: पाच मिनिटांचं भाषण, पण छापील वाटायला नको

कक्ष_क्र_५

जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्या इन्चार्ज सिस्टर या महिन्याच्या शेवटच्या तारखेला 58 पूर्ण होऊन निवृत्त होतायत. त्यातली एकोणीस वर्षं याच वॉर्डात गेली. बदल्या झाल्या, पण फिरून इथेच आल्या. स्टाफच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलंय. वेळ पाच मिनिटं. समोर सिव्हिल सर्जन, मेट्रन मॅडम, बाकी वॉर्डांच्या सिस्टर, आमचे मावशी-मामा, आणि सिस्टरांच्या घरची मंडळी.

एक मसुदा केलाय. सुरुवात अशी: "आजचा दिवस आपल्या सर्वांसाठी आनंदाचा आणि दुःखाचाही आहे. पांढऱ्या वेशातील देवदूत, सेवेचा अखंड नंदादीप, मायेचा सागर अशा आपल्या लाडक्या सिस्टर..." पुढे त्यांचा कष्टाळू, शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ स्वभाव, आणि शेवटी "सेवानिवृत्ती हा पूर्णविराम नसून स्वल्पविराम आहे".

मोठ्याने वाचून बघितलं. सगळं खरं आहे, तरी ते कुणाबद्दलही चालेल असं वाटलं. सिस्टर त्यात कुठेच दिसत नाहीत. काय करू?

---

वाघोबा

नंदादीप काढा, बाकी चांगलं आहे. मात्र क्रम पाहिजे. आस्थापनेतून सेवापुस्तक मागवा, नेमणुकीची तारीख, कुठल्या ग्रामीण रुग्णालयात किती वर्षं, अधिपरिचारिकेच्या परिसेविका कधी झाल्या, हे ओळीने सांगा. माणसाची कारकीर्द तारखांनीच उभी राहते. आणि नाइटिंगेलचा उल्लेख हवाच. भारतात येऊन त्यांनी इथली इस्पितळं सुधारली, तिथून सुरुवात केली की भाषणाला वजन येतं.

---

सदाफुली

वाघोबा, नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. इथल्या स्वच्छतेबद्दल आणि सैनिकांच्या आरोग्याबद्दल त्यांनी पुष्कळ लिहिलं, ते सगळं इंग्लंडमध्ये बसून. मेट्रन आणि पाच-सहा सिस्टर समोर असताना ही चूक झाली तर पुढची चार मिनिटं कुणाचं लक्ष राहणार नाही.

सेवापुस्तकाचं अर्धं बरोबर आहे. तारखा हव्यात, पण त्या कार्यालयातले बाबू वाचतात. मानपत्रातही त्याच असतात. सूत्रसंचालक ओळख करून देताना पुन्हा त्याच सांगतो. स्टाफच्या वतीने बोलणाऱ्याने चौथ्यांदा सांगितल्या तर लोक घड्याळ बघतात.

कक्ष क्र. ५, तुमचा मसुदा लंगडा पडतो कारण त्यात सगळी विशेषणं आहेत. विशेषणं तुम्ही ठरवलेली असतात, ऐकणाऱ्याला त्यात बघायला काही मिळत नाही. मसुदा बाजूला ठेवा आणि तीन दिवस फक्त विचारत फिरा. "सिस्टर कशा आहेत?" असं विचारू नका, "फार चांगल्या" एवढंच उत्तर येईल. दोनच प्रश्न विचारा. सिस्टर रजेवर असल्या की वॉर्डात काय बिघडतं? आणि नवीन आलेल्याला त्या कुठल्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त बोलतात?

तिन्ही शिफ्टमध्ये विचारा. नाइटवाल्यांना माहीत असतं ते मॉर्निंगवाल्यांना नसतं. मावशी, मामा, इंटर्न, लॅबमधला माणूस, स्टोअरचे फार्मासिस्ट, सगळ्यांना विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, शुद्ध करत बसू नका.

---

निशिगंध

सदाफुलींना अनुमोदन. समारंभांचं सूत्रसंचालन करते म्हणून वेळेचं सांगते. सावकाश, समजेल असं बोलायचं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. पाच मिनिटं दिली असतील तर साडेतीनशे-चारशे शब्दांचंच लिहा. उरलेला वेळ टाळ्या, हशा आणि गळा दाटून येणं यात जातोच.

---

रानवारा

माझ्या वहिनी पण पुढच्या महिन्यात रिटायर होतायत, झेडपीत आहेत. अर्जित रजेचं रोखीकरण 300 दिवसांपर्यंतच मिळतं ना? आणि पेन्शनची कागदपत्रं किती आधी पाठवावी लागतात?

---

सदाफुली

रानवारा, हो, 300 दिवसांची मर्यादा आहे. कागदपत्रांचं आस्थापनेत आजच विचारा, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. इथे भाषणाचं चाललंय, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगते.

---

कक्ष_क्र_५

विचारून आले. चार दिवस लागले. जसं मिळालं तसं देते.

मावशी, शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देतात त्या ओव्हरबद्दल: "त्या नसल्या की ओव्हर टेबलावर बसून होते. त्या असल्या की प्रत्येक खाटेपाशी उभं राहून."

नाइटच्या दोघी: सकाळी पावणेआठला येतात, पर्स ठेवायच्या आधी पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत प्रत्येक मुलाच्या पायाला हात लावत जातात. हाताची मागची बाजू लावतात. पाय गार लागला की तिथेच थांबतात.

इंटर्न: तोंडी सांगितलेलं औषध देत नाहीत. "डॉक्टर, आधी लिहा, मग देते." पेन स्वतःचं पुढे करतात.

स्टाफमधली सगळ्यात नवीन मुलगी: सलाइनचे थेंब पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की ओरडतात. "मिनिट पूर्ण होऊ दे." हे वाक्य चार वेगवेगळ्या लोकांकडून आलं.

मामा: जुलाबाच्या मुलांच्या आयांना ओआरएस समजावून सांगत बसत नाहीत. लिटरची बाटली हातात देतात, अख्खं पाकीट समोर मिसळायला लावतात. आणि काल जी शिकली तिला आज शेजारच्या खाटेवरच्या आईला शिकवायला सांगतात.

बिस्किटाचा डबा: कपाटात एक जुना पत्र्याचा डबा आहे. रात्री स्टोअर बंद असतं म्हणून त्यात शिरेत घालायचे चोवीस नंबरचे पिवळे इंट्राकॅथ आणि लहान मुलांना सलाइन मोजून द्यायचे दोन ब्युरेट सेट कायम असतात. हे सगळ्यांनी सांगितलं.

आता इतकं आहे की कुठून सुरुवात करू कळत नाही.

---

मुक्काम_पोस्ट

सगळंच सांगा की. एक से एक आहे. एकेकाला तीस सेकंद.

---

निशिगंध

नको. सहा गोष्टी तीस-तीस सेकंदांत सांगितल्या की ती यादी होते, आणि यादी ऐकताना माणूस पुढचा नंबर मोजतो. एक मुख्य, एक जोडीला. बाकीच्या वाटून द्या. स्टाफ, इंटर्न, मावशी असे तिघं बोलणार असतील तर आधीच बसून ठरवा कोण काय सांगणार. पेनाची गोष्ट इंटर्नने सांगावी, त्यालाच शोभते. ओआरएसची मावशींना द्या, एक मिनिट, त्यांच्या बोलीत. निरोप समारंभांत हमखास बिघडतं ते हेच: चौघं एकच किस्सा सांगतात आणि चौथ्याला तो गुंडाळावा लागतो.

---

सदाफुली

चार जणांकडून एकच वाक्य आलं, तिथेच तुमचं भाषण आहे. "मिनिट पूर्ण होऊ दे." विशेषण एकही नाही आणि त्यात अख्खी बाई उभी आहे.

पण घरच्यांना आणि कार्यालयातल्यांना ते कळलं पाहिजे. त्यांना ब्युरेट माहीत नसतो. सोपं करून सांगा. लहान मुलांच्या सेटचे साठ थेंब म्हणजे एक मिली, त्यामुळे तासाला जितके मिली द्यायचे तितकेच मिनिटाला थेंब. एवढ्याशा बाळाला तासाला आठ मिली लावलं असेल तर मिनिटाला आठ थेंब पडायला हवेत. पंधरा सेकंदांत त्यातले दोनच पडतात. मोजायला सुरुवात अशा क्षणी झाली की तिसराही त्यात सापडला, तर तिनाला चारने गुणून बारा येतात. मग चाक आवळलं जातं आणि बाळाला हवं त्यापेक्षा कमी जातं. उलटंही होतं, बारा चालू असताना दोनच सापडले तर आठ समजून तसंच सोडून दिलं जातं. मोठ्या माणसाच्या भरभर चाललेल्या सलाइनला हा फरक किरकोळ, बाळाला मोठा. म्हणून त्या ओरडतात. हे चार-पाच वाक्यांत सांगितलं की ओरडण्यामागचं कारण सभागृहाला कळतं, आणि "शिस्तप्रिय" हा शब्द उच्चारावा लागत नाही.

---

मुक्काम_पोस्ट

आता तर इन्फ्युजन पंप असतात ना? थेंब कोण मोजतं?

---

कक्ष_क्र_५

पंप आहेत, पण खाटा जास्त आणि पंप कमी. जिथे पंप आहे तिथेही सिस्टर ब्युरेटवरची पातळी तासाला बघायला लावतात.

---

बालडॉक

बालरोग विभागात आहे, म्हणून पायाच्या गोष्टीबद्दल एक सुचवतो. गोष्ट उत्तम आहे, भाषणात घ्याच. पण "पाय गार म्हणजे मूल शॉकमध्ये" असं सरळ म्हणू नका. ताप चढत असतानाही हातपाय गार पडतात, आणि थंडीत उघड्या खिडकीपाशी झोपलेल्या मुलाचेही. सिव्हिल सर्जन आणि आमच्यासारखे चार जण समोर असतील, त्यांच्या मनात लगेच "पण..." येईल.

तुमच्या सिस्टर पुढे काय करतात ते नीट बघा. माझा अंदाज, त्या तिथे बोटाने दाबतात, सोडतात, आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतात. तीन सेकंदांच्या वर लागला, नाडी क्षीण आणि भरभर लागली, मूल सुस्त दिसलं, तर हाक मारतात. गार पायापाशी त्या थांबतात, निष्कर्ष काढत नाहीत, आणखी बघतात. तसंच सांगा. ते जास्त खरं आहे आणि त्यांची जाण त्यात जास्त दिसते.

---

कक्ष_क्र_५

डॉक्टर, तंतोतंत. आज सकाळी मुद्दाम मागे उभी राहून बघितलं. सात नंबरच्या खाटेपाशी थांबल्या, छातीच्या मधल्या हाडावर अंगठा दाबून ठेवला, ओठ हलताना दिसले. आकडे मोजत होत्या. सोडला, पुन्हा मोजलं. मग आईला म्हणाल्या, "पंखा याच्यावरच येतोय, खाट सरकव." आणि पुढे गेल्या.

---

सदाफुली

हेच घ्या! मूल वाचवल्याची थरारक गोष्ट शोधत बसू नका. खाट सरकवायला सांगितलेली सकाळ सांगा. थरारक गोष्टीत आणखी एक धोका असतो, पेशंट ओळखू येतो. गाव, आजार आणि साल एकत्र आलं की छोट्या जिल्ह्यात नाव न घेताही कळतं. ज्याची परवानगी नाही त्याचं काही सांगू नका. खाट नंबर सात चालेल, त्यावर शंभर मुलं झोपून गेली.

---

वाघोबा

नाइटिंगेलबद्दल मान्य, माझं चुकलं. पण डब्याचं कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांनी सांगितलेली गोष्ट ती, मग भाषणात तीच हवी. ऐनवेळी रात्री दोन वाजता इंट्राकॅथ काढून देणारी बाई!

---

सदाफुली

मला डबा आवडला, आणि म्हणूनच भीती वाटते. सिव्हिल सर्जन आणि स्टोअरचे फार्मासिस्ट पहिल्या रांगेत. त्यांच्यासमोर स्टाफ नर्सने सांगायचं की इन्चार्जकडे इंडेंटबाहेरचा साठा कपाटात असतो? तो कक्षाच्या साठा नोंदवहीत दाखवलेला असला तर प्रश्नच नाही. नसला तर नोंदीबाहेरचा साठा ठरतो, आणि निवृत्तीच्या दिवशी, हिशेब पूर्ण व्हायच्या आत, तो विषय निघायला नको. चार्ज घेणारी नवी इन्चार्जही अडचणीत येते. कौतुक म्हणून सांगितलेलं विचारणा म्हणून ऐकू येतं.

"आमच्या वॉर्डात रात्री दोन वाजता काही संपलंय असं कधी झालं नाही" एवढं म्हणा. ज्यांना डबा माहीत आहे ते हसतील.

---

वाघोबा

पटत नाही. डबा काढला की गोष्टीतला जीव गेला. मेट्रन मॅडमनाही डबा माहीत असणार.

---

निशिगंध

माहीत असणं आणि माइकवरून ऐकणं यात फरक आहे. पण नोंद आहे का ते कक्ष क्र. ५ नाच तपासता येईल.

---

कक्ष_क्र_५

नोंद बघायला गेले तर सिस्टरांनाच कळेल कशासाठी. ते राहू दे.

दुसरं सुचलंय. भाषणाच्या सुरुवातीला सगळ्यांना घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट शांत बसायला सांगायचं. मिनिट किती लांब असतं ते सगळ्यांना कळेल. मग सांगायचं की सिस्टर एवढं थांबतात.

---

निशिगंध

नको नको. सभागृहात एक मिनिट शांत उभं राहणं म्हणजे श्रद्धांजली. मागून येणारा माणूस दारातच टोपी काढेल. निवृत्त होणाऱ्या बाईंच्या घरच्यांसमोर हे अजिबात नको.

---

मुक्काम_पोस्ट

बाप रे, खरंच. मी तर "छान कल्पना" असं लिहायला घेतलं होतं.

---

सदाफुली

त्याऐवजी आवाजाने दाखवा. "एक... दोन..." असं दोन थेंबांमधल्या अंतराने बोलून थांबा. मिनिटाला आठ थेंब म्हणजे दोन थेंबांत साडेसात सेकंद. माइकसमोर साडेसात सेकंद खूप मोठे वाटतात, एकदाच करा. घरी घड्याळ लावून सराव करा, नाहीतर घाबरून तीन सेकंदांतच "दोन" म्हणाल.

---

कक्ष_क्र_५

हे लिहिलंय. बघून सांगा.

"सिस्टर, तुमचं एक वाक्य मी आज तुम्हाला परत देणार आहे. मिनिट पूर्ण होऊ दे.

घरच्या मंडळींना हे वाक्य माहीत नसेल, वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत आहे. लहान बाळाला सलाइन लावलं की थेंब मोजावे लागतात. तासाला आठ मिली द्यायचे असतील तर मिनिटाला आठ थेंब. एक... (थांबायचं) दोन. इतक्या सावकाश. नवीन मुलगी पंधरा सेकंद मोजते, चारने गुणते आणि पुढे जाते. एक थेंब इकडेतिकडे मोजला गेला की आठाचे बारा होतात. सिस्टर मागून येतात आणि म्हणतात, मिनिट पूर्ण होऊ दे. त्या ओरडतात तेव्हा राग येतो. तिसऱ्या दिवशी चूक सापडते तेव्हा राग जातो.

सकाळी पावणेआठला सिस्टर येतात आणि पर्स ठेवायच्या आधी प्रत्येक मुलाच्या पायाला हाताची मागची बाजू लावत जातात. पाय गार लागला की थांबतात. दाबून बघतात, रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. परवा सात नंबरच्या खाटेपाशी थांबल्या. मोजलं. आईला म्हणाल्या, पंखा याच्यावरच येतोय, खाट सरकव. आणि पुढे गेल्या. त्या सकाळी काहीच घडलं नाही. आमच्या वॉर्डात बऱ्याच सकाळी काहीच घडत नाही, त्याचं कारण आज समोर बसलंय.

आमच्या वॉर्डात रात्री दोन वाजता काही संपलंय असं कधी झालं नाही. का ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

ओव्हर खाटेपाशी उभं राहून द्यायची, हेही तुमचंच. टेबलावर बसून दिलेल्या ओव्हरमध्ये मूल दिसत नाही, कागद दिसतो, असं तुम्ही म्हणता.

सिस्टर, तुमच्या या मायेची, त्यागाची आणि सेवेची परतफेड आम्ही कधीच करू शकणार नाही. आपले पुढील आयुष्य सुखाचे, समाधानाचे व निरोगी जावो हीच ईश्वरचरणी प्रार्थना. आणि या वॉर्डाच्या चाव्या आम्ही जपून ठेवू." (इथे चाव्यांचा जुडगा सगळ्यांसमोर त्यांच्याकडून घ्यायचा.)

---

बालडॉक

"त्या सकाळी काहीच घडलं नाही" इथे मी थांबलो. उत्तम. वैद्यकीय बाजूने आता काही खटकत नाही.

---

सदाफुली

शेवटापर्यंत तुम्ही बोलत होता, शेवटच्या परिच्छेदात छापखाना बोलू लागला. "तुमच्या" वरून एकदम "आपले पुढील आयुष्य जावो" वर गेलात, भाषाच बदलली. माया, त्याग, सेवा तिन्ही काढा, वर दाखवून झालंय.

चाव्या तर मुळीच नकोत. चार्ज त्याआधी रीतसर दिला-घेतला गेलेला असतो, डेड स्टॉक रजिस्टरवर मोजणी होऊन सह्या झालेल्या असतात. त्या जुडग्यात अंमली औषधांच्या दुहेरी कुलपाच्या कपाटाची चावी असेल तर ती सभागृहात येताच कामा नये, ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याच कमरेला हवी.

आणि "ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे" हे वाक्य काढा. त्याने डब्याकडे बोटच दाखवलं जातं.

---

वाघोबा

शेवटी आशीर्वादाचं काहीतरी हवं हो. वडीलधारी मंडळी असतात समोर. प्रार्थना नसली तर भाषण अर्धवट वाटतं.

---

निशिगंध

वाघोबांचं यात थोडं खरं आहे. पण ते अध्यक्ष म्हणतीलच. स्टाफच्या माणसाने शेवट कामावर करावा.

आणखी एक, गळा दाटून येईल. तो कुठे येईल ते सरावात कळतं. बहुतेक "काहीच घडलं नाही" नंतर. तिथे पुढचं वाक्य लहान आणि कोरडं ठेवा, म्हणजे धरायला आधार मिळतो. ओव्हरचं वाक्य तिथे चालेल. आवाज फुटला तर माफी मागू नका, पाणी प्या, तेच वाक्य पुन्हा सुरू करा. कागद वाचू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द लिहा: मिनिट, आठ, पाय, सात, पावणेआठ. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं.

---

मुक्काम_पोस्ट

पाठ नसेल तर कागद वाचलेला बरा, नाहीतर अर्धं विसरायला होतं. बँकेतल्या निरोपांत बघितलंय.

---

निशिगंध

वाचणार असाल तर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, मोठ्या अक्षरात, आणि ओळ संपली की मान वर. तसंही चालतं. मला कार्डच बरं वाटतं.

---

सदाफुली

वेळेचं कुणी विचारलं नाही. दुपारी दीड ते अडीच ठेवा. मॉर्निंग सुटते, इव्हनिंग येते, दोन्ही शिफ्टना ऐकता येतं. तरी वॉर्डात दोघी राहणारच. ज्या राहतील त्यांची नावं आदल्या दिवशी ठरवा, आणि सिस्टरांना सभागृहात नेण्याआधी त्या दोघींना वॉर्डातच भेटू द्या. नाहीतर नेमक्या जवळच्या माणसांना त्या दिवशी भेटताच येत नाही.

---

कक्ष_क्र_५

चाव्या काढल्या. "ज्यांना माहीत आहे" काढलं. डब्याचं ते एक वाक्य ठेवतेय, वाघोबांसाठी. ओव्हरचं वाक्य वर नेलं. मावशी ओआरएसचं सांगायला तयार झाल्या, म्हणतात बाटली घेऊनच उभी राहीन.

शेवट आता असा:

"उद्या सकाळी पावणेआठला आमच्यापैकी एक जण पर्स न ठेवता पहिल्या खाटेपासून निघेल. सिस्टर, थेंब पूर्ण मिनिट मोजू."

---

वाघोबा

बरं, प्रार्थना नसली तरी चालेल. पण "थेंब मोजू" नंतर लगेच खाली बसू नका, पाया पडा.

---

सदाफुली

"आमच्यापैकी एक जण" असं मोघम नको. उद्याच्या मॉर्निंगला कोण आहे ते ड्यूटी लिस्टमध्ये बघा आणि तिचं नाव घ्या. तिला आधी सांगून ठेवा, आणि ती खरंच पावणेआठला येणार असेल तरच घ्या.

---

कक्ष_क्र_५

बघितलं. ती थेंबवाली नवीन मुलगीच आहे. विचारलं, येते म्हणाली.